पिवळी किनार पानातून उतरत नाही

फेब्रुवारीच्या शेवटी शेजारच्या काकू आमच्या बाल्कनीत उभ्या राहून म्हणाल्या, "या पिवळ्या काठाच्या झाडाचं एक रोप मला दे ना गं." माझ्याकडचं स्नेक प्लांट जातीने 'लॉरेंटी'. मध्ये हिरव्यावर राखाडी आडवे पट्टे आणि दोन्ही कडांना बोटभर पिवळी किनार. मी लगेच हो म्हटलं आणि बाहेरच्या बाजूचं दोन फुटी जुनं पान बुंध्यापासून कापलं. त्या पानाचे तुकडे रुजवताना सात महिन्यांत जे पाहिलं, ते इथे लिहिते आहे.

पान कापायला भाजीची सुरी घेतली, पण आधी ती उकळत्या पाण्यात बुडवून पुसली, कारण कापाची जागा ही सडण्याची पहिली जागा असते. पानाचे चार-चार बोटांचे सहा तुकडे झाले. मात्र ते टेबलावर ठेवल्यावर खालचं टोक कोणतं आणि वरचं कोणतं हे कळेना. पानातल्या रसवाहिन्यांना दिशा असते आणि मुळं फक्त बुंध्याकडच्या टोकालाच फुटतात. त्यामुळे कापता-कापताच खालच्या टोकाला इंग्रजी व्हीसारखी खाच द्यायची असते. त्याने ओळख राहते आणि कापाची कडही लांब होऊन मुळांना जास्त जागा मिळते. मी चार तुकड्यांना खाच दिली, दोघांना द्यायची राहून गेली. पुढे ते दोन कसे लावायचे हे अंदाजाने ठरवावं लागलं.

तुकडे पाच दिवस सावलीत वाळत ठेवले. पान मांसल असल्यामुळे तेवढ्या दिवसांत ते कोमेजत नाही, फक्त कापाची ओली कड सुकून फिकट, कडक पापुद्र्यासारखी होते. हा पापुद्रा पाणी आणि बुरशी दोन्ही अडवतो. तरीही घाईत एक तुकडा मी कापल्याच्या दुसऱ्याच दिवशी मातीत खोचला.

मातीसाठी छोटी, खाली भोक असलेली कुंडी घेतली. एक भाग बागेची माती, एक भाग जाडी रेती आणि मूठभर कोकोपीट असं मिश्रण केलं. तीन तुकडे दोन बोटं खोल उभे लावले, एकदा पाणी दिलं आणि नंतर माती बोटाने पाहून कोरडी झाल्यावरच. उरलेले तीन तुकडे काचेच्या भांड्यात, फक्त एक इंच पाण्यात. पाणी दर सहा-सात दिवसांनी बदललं. कुंडी आणि भांडं दोन्ही पूर्वेच्या खिडकीत होती, जिथे दुपारचं ऊन येत नाही.

तीन आठवड्यांनी पहिली गोष्ट घडली. न वाळवता लावलेला तुकडा हलकेच चाचपला तर खालून मऊ लागला. उपटून पाहिलं, बुडाशी तपकिरी लगदा झाला होता आणि कुजट वास येत होता. वरचा अर्धा भाग मात्र अगदी टवटवीत. इथेच लोक फसतात. स्नेक प्लांटचं पान स्वतःत पाणी आणि अन्न साठवून असतं, म्हणून ते वरून कित्येक आठवडे चांगलं दिसतं आणि खाली काय चाललंय याचा पत्ता लागू देत नाही. मी मऊ भाग कापून टाकला, पांढरट घट्ट गर दिसेपर्यंत मागे आले आणि उरलेला तुकडा पुन्हा पाच दिवस वाळवून लावला.

पाण्यातली मुळं पाचव्या आठवड्यात दिसली. आधी खाचेच्या दोन्ही टोकांना पांढरे ठिपके, मग केसाएवढे धागे, आणि सातव्या आठवड्यात दोन इंच लांब मुळं. काकूंना बोलावून दाखवली. "झालंच की रोप!" त्या म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. पण मुळं आणि रोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुळं फुटली तरी तो तुकडा स्वतः एक बोटही वाढत नाही. त्याचं वरचं कापलेलं बोथट टोक तसंच राहतं. खाली कापाजवळच्या पेशींपासून आधी आल्यासारखी जाडसर, आडवी गाठ तयार व्हावी लागते आणि तिच्यातून कोंब यावा लागतो. ती गाठ बनवायला लागणारं अन्न त्या चार बोटांच्या तुकड्यातूनच येतं. म्हणून चार ते सहा महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात.

पाण्यातले दोन तुकडे मुळं आल्यावर मातीत हलवले. पाण्यात वाढलेली मुळं नाजूक असतात; हलवताना काही तुटली आणि तुकडे काही आठवडे थबकले. त्यामुळे पाण्याने सुरुवात लवकर दिसली, पण शेवटी मातीत आधीपासून असलेल्या तुकड्यांपेक्षा ते पुढे गेले नाहीत. पाण्यातला तिसरा तुकडा, खाच नसलेल्या दोघांपैकी, जूनपर्यंत हिरवा राहिला आणि त्याला एकही मूळ आलं नाही. तो उलटा ठेवला गेला असणार. मातीतला दुसरा खाच नसलेला मात्र नशिबाने सरळ लागला होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मातीत सुरुवातीपासून असलेल्या एका तुकड्याच्या बाजूने अर्ध्या इंचावर माती उचकटून एक टोकदार कोंब आला. मी तो रोज पाहत होते. दहा दिवसांत त्याचं पान उलगडलं. ते गर्द हिरवं, वर राखाडी पट्टे, पण काठावर पिवळ्याची रेघही नाही.

नर्सरीत जाऊन माळीकाकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "ताई, पिवळा काठ पानातनं येत नाही. गड्डा फोडून लावायला लागतो."

कारण असं आहे. लॉरेंटीच्या पानात दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी राहतात. मधल्या पेशींत हरितद्रव्य असतं, कडेच्या पेशींत ते नसतं. ही मांडणी गड्ड्याच्या वाढत्या टोकात थरांच्या रूपात असते आणि तिथून निघालेल्या प्रत्येक पानात ती तशीच उतरते. पण कापलेल्या तुकड्यात असं टोक नसतं. तिथला कोंब कापाजवळच्या थोड्याशा पेशींपासून नव्याने घडतो, आणि त्या बहुतेक वेळा हिरव्याच असतात. म्हणून किनार जाऊन साधं हिरवं झाड हाती येतं. कोंब निव्वळ पिवळ्या पेशींचा झालाच, तर त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही आणि तो टिकत नाही. खत, ऊन किंवा पाणी बदलून यात फरक पडत नाही.

ऑक्टोबरमध्ये मूळ झाड कुंडीतून काढलं. माती झटकल्यावर केशरट, बोटाएवढा जाड गड्डा दिसला. त्याच्यावर वेगवेगळे झुपके होते. तीन पानं आणि स्वतःची मुळं असलेला एक झुपका सुरीने वेगळा केला, काप दोन दिवस वाळवला आणि कुंडीत लावला. त्याला नवं पान येईपर्यंत मी तो माझ्याकडेच ठेवला. जानेवारीत ते आलं, पहिल्या दिवसापासून दोन्ही काठ पिवळे, आणि कुंडी काकूंकडे गेली.

पानातून आलेलं हिरवं रोपही मी ठेवलंय. साध्या हिरव्या जातीचं स्नेक प्लांट वाढवायचं असेल आणि पाच-सहा महिने थांबायची तयारी असेल, तर पानाचा तुकडा चांगला. किनार हवी असेल, तर रोप गड्ड्यातूनच घ्या.