हरभऱ्याची मुळे आणि प्रबंधाचे दुसरे प्रकरण

कृषी विद्यापीठांतल्या एम.एस्सी.च्या प्रबंधात पूर्वसंशोधनाचा आढावा बहुधा एकाच साच्यात येतो. अमुक संशोधकांना अमुक साली असे आढळले, पुढच्या परिच्छेदात तमुकांना तसे आढळले. यातले दोन परिच्छेद आपसांत बदलून पाहावेत. वाचताना काहीच खटकले नाही, तर ती नुसती यादी आहे.

विषय ‘हरभऱ्याची अवर्षण सहनशीलता’ असेल तर मांडणी पिकाच्या अडचणीवरून ठरवता येते. रब्बी हरभरा बहुतांशी जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर वाढतो आणि नेमके घाटे भरताना पाणी संपते. यातून वाचण्याचे तीन मार्ग आढाव्याचे तीन विभाग होतात: लवकर पक्व होऊन ताण चुकवणे, पाणी मिळवून वा जपून वापरून ताण टाळणे आणि पेशींमध्ये पाणी कमी झाले तरी तग धरणे.

दुसऱ्या विभागात खरी चर्चा आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये ‘आयसीसी 4958’ हा भरघोस मुळांचा वाण अभ्यासला गेला. काशिवागी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाट, खोल मुळांचा संबंध ताणातल्या उत्पादनाशी जोडला. तिथेच झमान-अल्लाह आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये वेगळा निष्कर्ष मांडला: मुळांच्या खोलीपेक्षा सुरुवातीला पाणी जपून वापरण्याची सवय महत्त्वाची, कारण तेच पाणी दाणे भरताना उपयोगी पडते.

दोन्ही निष्कर्ष फक्त शेजारी मांडले तर वाचक गोंधळतो. म्हणून लिहिण्याआधी प्रत्येक शोधनिबंधासाठी तक्त्यात एक ओळ करावी. प्रयोग शेतात, कुंडीत की मातीने भरलेल्या उंच नळ्यांत झाला? माती किती खोल होती? ताण कोणत्या अवस्थेत दिला? मोजले काय, मुळे की रोज वापरलेले पाणी? शेवटी धान्याचे वजन घेतले का? तक्ता भरला की दिसते, पहिल्या अभ्यासाचा भर शेतातल्या मुळांवर होता, तर दुसऱ्याने नळ्या वजन करून पाण्याचा वापर मोजला. परिच्छेदाचे पहिले वाक्य मग संशोधकाच्या नावाऐवजी या फरकाने सुरू करता येते.

त्यानंतर जनुकीय काम येते. ‘आयसीसी 4958’मधला चौथ्या गुणसूत्रावरचा भाग ‘पुसा 372’मध्ये आणून 2019 मध्ये ‘पुसा चिकपी 10216’ हा वाण प्रसारित झाला. मात्र त्या भागाशी मुळांखेरीज इतरही गुण निगडित आहेत. त्यामुळे हा वाण यशस्वी ठरला एवढ्यावरून मुळांचा मुद्दा सिद्ध झाला, असे लिहू नये.

तक्त्यातले मोकळे रकाने शेवटच्या परिच्छेदात जातात. समजा, जमवलेल्या निबंधांत उथळ जमिनीवर मुळे आणि पाण्याचा वापर एकाच प्रयोगात मोजल्याची नोंद नसेल, तर विद्यार्थ्याचे पहिले उद्दिष्ट तिथेच लिहिता येते: निवडक वाण, उथळ जमीन, दोन्ही मोजमापे आणि काढणीचे वजन.