नकाशात दिशा का चुकते?

गूगल मॅप्समधला निळा ठिपका दोन वेगळ्या गोष्टी दाखवतो. फोन कुठे आहे हे ठिपक्यावरून कळते आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे हे ठिपक्यातून निघणाऱ्या निळ्या झोतावरून. जागा मुख्यतः उपग्रहांच्या संदेशांवरून ठरते. एका जागी उभ्या असलेल्या माणसाची दिशा मात्र त्या संदेशांतून कळत नाही. ती फोनमधला मॅग्नेटोमीटर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून सांगतो. झोत रुंद असला तर फोनला दिशेची खात्री नाही असे समजावे. ठिपक्याभोवतीचे फिकट वर्तुळ मोठे असेल, तर जागेचीच खात्री नसते.

महाराष्ट्रात या क्षेत्राचा आडवा भाग सुमारे ४० मायक्रोटेस्ला असतो. फोनच्या कव्हरमधले छोटे चुंबकही तेवढे क्षेत्र सहज निर्माण करते. समजा, कव्हरचे चुंबक फोनच्या उजवीकडे ४० मायक्रोटेस्लाची ओढ लावते आहे. फोन उत्तरेला धरला की दोन्ही ओढींची बेरीज ४५ अंश उजवीकडे झुकते. साहजिकच फोन तिकडेच उत्तर मानतो आणि आपण वायव्येकडे पाहतो आहोत असे दाखवतो. पश्चिमेला धरल्यावर दोन्ही ओढी एकाच बाजूला पडतात आणि दिशा बरोबर येते. पूर्वेला मात्र त्या एकमेकींना पुसून टाकतात, मग झोत कुठेही भरकटतो. एका दिशेला बरोबर आणि दुसऱ्या दिशेला चूक, अशी ही लक्षणे दिसली तर आधी कव्हर काढून पाहावे.

फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवण्यामागे हेच गणित आहे. चुंबक फोनसोबत फिरते, पृथ्वीचे क्षेत्र जागचे हलत नाही. सगळ्या बाजूंनी घेतलेली मापे एका गोलावर पडायला हवीत. त्या गोलाचा मध्य शून्यापासून जितका सरकलेला, तितका दोष फोन वजा करतो. मनगट वळवत फोन तिन्ही अंगांनी फिरवावा, नुसता आडवा फिरवून भागत नाही. गाडीत किंवा लोखंडी पुलावर हे करू नये. तिथले लोखंड फोनसोबत फिरत नसल्याने त्याचा दोष वजा होत नाही, उलट चुकीची दुरुस्ती साठवली जाण्याचा धोका असतो. कव्हर बदलल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करावे.

अँड्रॉइडच्या ‘Location’ सेटिंग्जमधला ‘Location Accuracy’ हा पर्याय वेगळे काम करतो. तो जीपीएसच्या जोडीला आसपासचे वायफाय आणि मोबाइल टॉवर वापरतो. त्यामुळे उंच इमारतींच्या गल्लीत किंवा छताखाली ठिपका जागेवर यायला मदत होते. कव्हरच्या चुंबकाने फिरवलेली दिशा त्याने सुधारत नाही. घाईत असलेल्याने रस्त्याने थोडे सरळ चालून ठिपका कोणीकडे सरकतो ते पाहावे. आकाश मोकळे असेल तर त्या क्षणी झोतापेक्षा ठिपक्याची चाल अधिक विश्वासाची.