सीटीची अर्ध्या अंशाची चूक मीटरवर किती पडते?

मंडळी, आज करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपला सीटी. समजा तो 100/5 चा आहे. लाइनमध्ये 100 अँपिअर असतील तर मीटरला 5 मिळायला हवेत. पण गाभ्यात चुंबकत्व तयार करायला थोडा करंट खर्च होतो, तो मीटरपर्यंत पोचतच नाही. म्हणून मीटरकडे येणारा करंट सहसा थोडा कमी असतो, ही रेशो एरर. शिवाय तो मूळ करंटच्या किंचित पुढे सरकतो, ही फेज एरर.

0.5 क्लासच्या सीटीला पूर्ण करंटवर अर्धा टक्का रेशो एरर आणि 30 मिनिटं, म्हणजे अर्धा अंश, फेज एरर चालते. पॉवर फॅक्टर 1 असेल तर या अर्ध्या अंशाने जवळपास काहीच बिघडत नाही. पण 0.5 लॅगिंगला खरा कोन 60 अंश असतो आणि मीटरला दिसतो 59.5.

```
cos 60°   = 0.5
cos 59.5° = 0.5075
```

म्हणजे दीड टक्का जास्त! रेशो एररने अर्धा टक्का कमी केला, तरी युनिट एक टक्का चढेच.

रिलेची अडचण वेगळी. फॉल्टच्या प्रचंड करंटने गाभा सॅच्युरेट झाला, की ओव्हरकरंट रिलेला फॉल्ट लहान वाटतो आणि ट्रिपला उशीर होतो. म्हणून तिथे 5P20 सारखा सीटी लावतात: 20 पट करंटपर्यंत एकूण एरर 5 टक्क्यांच्या आत. पण हे नेमप्लेटवरच्या बर्डनपुरतंच. रिलेपर्यंतची वायर लांब आणि बारीक असेल, तर बर्डन वाढतो आणि गाभा आधीच सॅच्युरेट होतो.