सळीपर्यंत उष्णता पोहोचायला किती वेळ लागतो?

तळघरातल्या पार्किंगमध्ये एखादी गाडी पेट घेते. ज्वाळा छताला भिडतात. ते छत म्हणजे ३० सेंटीमीटर जाडीचा पोडियम स्लॅब, आणि त्याच्यावर संपूर्ण इमारत उभी. वरच्या मजल्यावर अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला फरशी गारच लागते. म्हणून स्लॅब सुरक्षित आहे असे मात्र नाही. त्याचा जीव खालच्या अंगाला, पृष्ठभागापासून ४ सेंटीमीटर आत बसवलेल्या सळ्यांमध्ये असतो. पोलाद ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्याची ताकद झपाट्याने घसरू लागते आणि ६००च्या आसपास ती निम्म्यावर येते. म्हणजे खरा प्रश्न एकच: सळी ५०० अंशांना कधी पोहोचेल?

या प्रश्नाचे उत्तर काढायचे गणित फूरियेने १८२२मध्ये मांडलेल्या उष्णतावहनाच्या सिद्धांतातून आले आहे. त्यात एक धाडसी कल्पना केलेली असते. स्लॅबला खालचा पृष्ठभाग आहे, पण वरचा नाहीच. काँक्रीट वर अनंतापर्यंत पसरलेले आहे असे धरायचे. दुसरी कल्पना अशी की खालच्या पृष्ठभागाचे तापमान एका क्षणात चढले आणि तिथेच टिकले. एवढे मान्य केले की सगळा हिशेब एका ओळीत मावतो:

(T − T₀) / (Tₛ − T₀) = erfc [ x / (2√(αt)) ]

T₀ म्हणजे काँक्रीटचे मूळ तापमान, Tₛ पृष्ठभागाचे, x खोली आणि t वेळ. erfc हे फल तक्त्यात किंवा कॉम्प्युटरवर तयार मिळते: पृष्ठभागाशी त्याची किंमत १, खोल गेलो की शून्याकडे. राहिला α. उष्णता पदार्थात किती चपळाईने पसरते, याचे हे माप.

साधी पाठ्यपुस्तके थंड काँक्रीटसाठी α सुमारे ०.७ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद देतात. आगीच्या हिशेबात हा आकडा जसाच्या तसा घेणे चूक ठरते. तापलेले काँक्रीट उष्णता कमी वाहते. शिवाय शंभर अंशांच्या आसपास त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि त्यात बरीच उष्णता खर्ची पडते. म्हणून अग्निसुरक्षेचे अभियंते ०.४२च्या जवळपासची सरासरी किंमत वापरतात.

आता आकडे घालू. मूळ तापमान ३० अंश, पृष्ठभाग ९००, खोली ४ सेंटीमीटर. सळीला एकूण ८७० अंशांच्या फरकापैकी ४७० अंश चढायचे आहेत, म्हणजे गुणोत्तर ०.५४. तक्त्यात erfc ०.५४ होते तेव्हा कंसातली किंमत ०.४३३ असते. त्यावरून t निघतो सुमारे ८५ मिनिटे. थंड काँक्रीटचा α घेतला असता तर उत्तर ५१ मिनिटे आले असते.

या सूत्रात वेळ वर्गमुळाखाली आहे, आणि बांधकामाच्या दृष्टीने तीच सर्वात मोलाची गोष्ट. खोली दुप्पट केली तर वेळ चौपट मिळतो. निम्मी केली तर वेळ एक-चतुर्थांश उरतो. सळी ४ ऐवजी २ सेंटीमीटरवर असेल तर ८५ मिनिटांची २१ होतात. अग्निशमन दलाची गाडी येऊन पाइप जोडेपर्यंत एवढा वेळ सहज निघून जातो.

पण स्लॅब तर ३० सेंटीमीटरचाच आहे, अनंत कसा? उष्णतेला त्याचा दुसरा काठ अजून ‘माहीत’ नसतो, म्हणून. 4√(αt) एवढ्या खोलीपलीकडे पृष्ठभागावरच्या बदलाचा अर्धा टक्काही पोहोचत नाही. ८५ मिनिटांनी ही खोली सुमारे साडेअठरा सेंटीमीटर भरते, म्हणजे आपला स्लॅब साडेतीन तासांहून अधिक काळ अनंत म्हणून चालतो. घरातला १२५ मिलिमीटरचा नेहमीचा स्लॅब सुमारे ३९ मिनिटांनंतर या अटीत बसत नाही. तरीही त्याच्या खालच्या सळीपुरते उत्तर पुढेही जवळजवळ बरोबरच येते, कारण दुसरा काठ सळीपासून लांब असतो. वरची फरशी किती तापेल हे विचारायचे असेल तर मात्र दुसरे गणित मांडावे लागते.

आग विझली की धोका संपला, हा समजही याच गणिताने खोडला जातो. तासभर आग लागून विझली आणि पृष्ठभाग लगेच ३० अंशांवर आला असे धरा. ८ सेंटीमीटर खोलीवर विझतेवेळी १६० अंशांच्या आत तापमान असते. त्यानंतर अर्ध्या तासाने ते २००च्या घरात जाते. वरच्या थरात साठलेली उष्णता आत सरकतच राहते. बाहेरून हात लावण्याइतका गार झालेला स्लॅब आतून अजून तापत असू शकतो, म्हणून त्याखाली लगेच कुणाला पाठवू नये.

नंतर तपासणी करणारे स्ट्रक्चरल इंजिनिअर छिन्नीने टवका काढतात किंवा गोल नमुना कापून घेतात आणि रंग पाहतात. अनेक प्रकारच्या खडीतले लोहाचे अंश ३०० अंशांच्या आसपास काँक्रीटला गुलाबी छटा देतात. ही गुलाबी रेषा कुठे थांबली ते मोजले की फार उपयोगी माहिती हाती येते. ३०० अंशांसाठी सूत्राच्या कंसातली किंमत ०.७२ असते, ५००साठी ०.४३. म्हणजे पृष्ठभाग ९०० अंशांवर होता असे धरले तर ५०० अंशांची रेषा नेहमी गुलाबी रेषेच्या सुमारे ६० टक्के खोलीवर सापडते. आग किती वेळ होती आणि α नेमका किती, हे दोन्ही माहीत नसले तरी चालते. गुलाबी थर ४ सेंटीमीटर असेल तर ५०० अंश साधारण २.४ सेंटीमीटरपर्यंत पोहोचले होते, आणि ४ सेंटीमीटरवरची सळी बहुधा वाचली.

खऱ्या आगीत पृष्ठभाग एका क्षणात ९०० अंशांवर जात नाही. चाचणीच्या प्रमाण वक्रात भट्टीचे तापमान तासाभराने ९४५ अंशांवर येते, आणि काँक्रीटचा पृष्ठभाग त्याच्याही मागे असतो. त्यामुळे सूत्राचे उत्तर सहसा सावध बाजूला पडते. इंधनाच्या आगीत मात्र तापमान काही मिनिटांतच चढते, तेव्हा ‘अचानक’ हा शब्द खरा ठरतो.

हे सूत्र कोलमडते ते काँक्रीट जागेवरच राहिले नाही तर. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणाऱ्या चॅनल बोगद्यात ट्रक वाहून नेणारी रेल्वे पेटली. सुमारे ४५ सेंटीमीटरच्या काँक्रीट अस्तराचे थर फुटून पडले आणि काही जागी जेमतेम २ सेंटीमीटर काँक्रीट उरले. दाट, उच्च ताकदीच्या काँक्रीटमधून वाफेला वाट मिळत नाही. दाब वाढतो आणि पापुद्रे उडतात. मग x हा आकडाच दर मिनिटाला घटत जातो. त्यावर एक उपाय म्हणजे काँक्रीटमध्ये पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू मिसळणे. हे तंतू १६० ते १७० अंशांच्या आसपास वितळतात आणि वाफेला वाट करून देतात.

भारतीय मानक आयएस ४५६ (२०००) साध्या आधाराच्या स्लॅबसाठी एक तासाच्या अग्निरोधाला २० मिलिमीटर आणि दोन तासांना ३५ मिलिमीटर कव्हर सांगते. हे अंतर कव्हर ब्लॉक राखतात. स्लॅब भरताना सळ्यांवरून माणसे चालतात, ब्लॉक सरकतात किंवा फुटतात, जाळी सेंटरिंगच्या फळीवर टेकते आणि ते पुन्हा कुणाला दिसत नाही. आपल्या इमारतीचा स्लॅब भरायचा असेल, तर काँक्रीट ओतण्यापूर्वी साइटवर जा, सळीखाली मोजपट्टी धरा आणि नकाशात लिहिलेले अंतर भरते का ते स्वतः पाहून घ्या.