बैठक संपल्यावरचा मेल

जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन बैठकीत फारसं बोलत नसत. बैठक कशासाठी आहे ते सुरुवातीला सांगायचे, मग ऐकत बसायचे. त्यांचं खरं काम बैठक उठल्यावर सुरू होई. चर्चेचा सारांश, काय ठरलं, काम कोणाकडे आणि कधीपर्यंत, एवढं लिहिलेलं छोटं टिपण ते तयार करत आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येकाकडे जाई. 1940च्या दशकात या कंपनीचा अभ्यास करणारे पीटर ड्रकर यांनी स्लोन यांच्या कर्तबगारीचं मोठं श्रेय या टिपणांना दिलं आहे.

आज टिपणाची जागा मेलने घेतली आहे, पण तो लिहिणारे थोडेच.

समजा, एका गृहनिर्माण सोसायटीच्या समितीची एप्रिलमध्ये बैठक झाली. गच्ची गळते आहे. तासभर चर्चा होऊन शेवटी ठरतं, ‘जोशी आणि शेख कंत्राटदारांचं बघून घेतील.’ इथेच घोटाळा होतो. जोशींना वाटतं शेख फोन करतील, शेखना वाटतं जोशी. ‘बघून घेणं’ म्हणजे नेमकं काय, हे दोघांनाही ठाऊक नसतं. जूनमध्ये पाऊस येतो, तेव्हा वरच्या मजल्यावर बादल्या लागलेल्या असतात.

त्याच रात्री सचिवांनी असा मेल पाठवला असता तर?

‘ठरलं: गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाळ्याआधी पूर्ण करायचं. काम: तीन कंत्राटदारांची लेखी दरपत्रकं आणणं. जबाबदारी: जोशी. मदत: शेख. मुदत: 26 एप्रिल, संध्याकाळी 6. दरपत्रकं आल्यावर कंत्राटदाराची निवड: समिती, 30 एप्रिल. काही चुकीचं नोंदलं असेल तर उद्या रात्रीपर्यंत कळवा.’

इथे मदतीला कितीही जण असोत, जबाबदारीपुढे नाव एकच आहे. ‘लवकरात लवकर’ नाही, तारीख आहे, आणि तीही पावसाकडून मागे मोजत आलेली: गच्ची वाळायला, काम करायला आणि पाणी साठवून चाचणी घ्यायला दिवस लागतात. शेवटची ओळ तर सगळ्यांत कामाची. बैठकीत प्रत्येकाने वेगळंच ऐकलेलं असतं, ते दुसऱ्याच दिवशी उघड होतं. आठवड्याने पाठवलेल्या मेलवर मात्र नुसते वाद होतात.

गैरहजर सदस्याच्या माथी काम मारायचा मोह अनेकांना होतो. त्याला आधी फोन करून विचारावं, होकार आला तरच नाव लिहावं. कोण काय म्हणालं याची लांबलचक हकिकतही नको. मेल दोन पानांचा झाला की कामाची ओळ कोणी वाचत नाही. आणि हा मेल सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीची जागा घेत नाही. ती वेगळी लिहावीच लागते.

पुढची बैठक हाच मेल उघडून सुरू करावी. झालेल्या कामावर खूण, राहिलेल्याला कारणासह नवी तारीख. एकच काम तिसऱ्यांदा पुढे ढकललं जात असेल, तर ते दुसऱ्याकडे द्यावं किंवा सरळ यादीतून काढून टाकावं.