विश्लेषण : ओळखीतून ग्राहक मिळाला, पुढे काय? आभार कधी मानायचे, काय कळवायचे?

छतावरील सौरऊर्जा, फर्निचर, घराची रंगरंगोटी अशा धंद्यांत जाहिरातीपेक्षा ओळखीतून आलेला ग्राहक लवकर ठरतो. त्याने विक्रेत्यावर नव्हे, तर नाव सुचवणाऱ्यावर विश्वास ठेवलेला असतो. मात्र व्यवहार झाला की त्या मध्यस्थाला एक ‘थँक यू’ पाठवून विषय संपवला जातो. छतावरील सौरऊर्जेच्या उदाहरणातून हे गणित समजून घेऊ.

आभार एकदा मानायचे की दोनदा?

समजा, नाशिकमधील एका खासगी वायरमनने आपल्या जुन्या ग्राहकाला, एका निवृत्त शिक्षकांना, सौर पॅनल बसवणाऱ्या ओळखीच्या व्यावसायिकाचा नंबर दिला. शिक्षकांचा फोन आला, त्याच दिवशी पहिले आभार मानायला हवेत. तेव्हा विक्री झालेली नसते आणि होईल याची खात्रीही नसते. म्हणूनच ते आभार ओळख करून दिल्याबद्दलचे असतात, मिळालेल्या पैशांबद्दलचे नव्हे. ‘दादा, सरांचा फोन आला होता. गुरुवारी छत बघायला जातोय. तुम्ही नाव सुचवलंत, आभारी आहे,’ एवढे पुरते.

दुसरे आभार काम पक्के झाल्यावर, आणि शक्यतो फोनवर. आलेला ग्राहक नेमका कसा होता, हे त्यात सांगावे : ‘सरांचं छत मोकळं आहे, सावली नाही. असंच घर आम्हाला हवं असतं.’ यातून पुढच्या वेळी कोणाला पाठवायचे, हे वायरमनला न मागता कळते. त्याच फोनवर ‘अजून कोणी असेल तर बघा’ म्हटले, की आभार मागणीची प्रस्तावना होऊन बसतात. ती मागणी काम पूर्ण होईपर्यंत थांबू शकते.

विक्री झाल्यावरही कळवत का राहायचे?

कारण सौर पॅनलच्या व्यवहारात विक्री हा शेवट नसतो. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत फेब्रुवारी २०२४ पासून घरगुती ग्राहकाला ३ किलोवॅट वा त्यापुढील संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मात्र पॅनल बसले म्हणजे अनुदान आले, असे होत नाही. ऑनलाइन अर्ज, संचाची उभारणी, महावितरणची तपासणी, नेट मीटर आणि त्यानंतर ग्राहकाच्या बँक खात्यात अनुदान, असा हा प्रवास आहे. पॅनल दोन-तीन दिवसांत बसतात. वेळ जातो तो नंतरच्या टप्प्यांत. नेट मीटर लागेपर्यंत छतावर पॅनल चकाकत असतात आणि बिल मात्र पूर्वीसारखेच येते.

अशा वेळी शिक्षक आधी कोणाला फोन करतील? बहुतेकदा वायरमनलाच. ‘तुम्ही पाठवलेल्या माणसाने काम अर्धवट ठेवलं’ ही तक्रार ऐकताना त्याच्याकडे काहीच माहिती नसेल, तर पणाला लागते ते त्याचे नाव. विक्रेत्याचा एक ग्राहक नाराज होतो. वायरमनचा वर्षानुवर्षांचा ग्राहक दुरावू शकतो. म्हणून उशीर होणार हे कळले की आधी ग्राहकाला आणि लगोलग वायरमनला सांगायला हवे. उदाहरणार्थ, ‘दादा, सरांकडे पॅनल बसले. मीटर यायला वेळ लागतोय. सरांना सांगितलंय, सोमवारी मी स्वतः ऑफिसात जाऊन विचारतो. तुम्हाला फोन आला तर माहीत असावं.’ आणि सोमवारी काय झाले, तेही कळवावे.

नेमके किती आणि केव्हा कळवायचे?

रोजचा अहवाल कोणालाच नको असतो. या उदाहरणात तीन टप्पे पुरेसे आहेत : पॅनल बसले तेव्हा, नेट मीटर लागला तेव्हा आणि नव्या मीटरचे पहिले पूर्ण महिन्याचे बिल आले तेव्हा. उशीर किंवा अडचण आली, तर त्याची खबर वेगळी.

यात पहिल्या बिलाचा टप्पा सर्वाधिक चुकवला जातो आणि तोच सर्वात महत्त्वाचा. तीन किलोवॅटचा संच सरासरी दिवसाला १२ युनिटच्या आसपास वीज देतो. पावसाळ्यात ती घटते. वीज पुरेशी तयार झाली, तरी बिलातील स्थिर आकार भरावाच लागतो. ‘बिल शून्य येईल’ असे वायरमनने भाबडेपणाने आधी सांगितले असेल, तर पहिल्याच बिलाला शिक्षकांना फसल्यासारखे वाटेल. त्यामुळे पहिल्या आभाराच्या वेळीच ‘बिल खूप कमी होईल, पण शून्य होईल असं सांगू नका’ हे त्याच्या कानावर घालणे दोघांच्याही हिताचे असते.

काय कळवू नये?

कामाचा टप्पा सांगावा; ग्राहकाचा व्यवहार नव्हे. किती रुपयांना काम ठरले, कर्ज काढले का, कोणत्या बँकेत खाते आहे, महिन्याचे बिल किती, हे वायरमनला सांगण्याचा अधिकार विक्रेत्याला नाही. टप्प्यांची माहिती देण्यापूर्वीही शिक्षकांना ‘दादांना कामाचं कळवत राहू ना?’ असे विचारून घ्यावे. छताचा फोटो पाठवायचा असेल, तरी त्यांची परवानगी हवी. तसेच व्यापाऱ्यांच्या गटात सर्वांसमोर आभार मानले, की ग्राहकाचे नावही चव्हाट्यावर येते.

पैसे किंवा भेटवस्तू द्यावी का?

मिठाईचा पुडा ही आभाराची रीत झाली. टक्केवारी हा मात्र व्यवहार आहे. तो आधी ठरलेला असावा आणि ग्राहकाने विचारले तर उघड सांगता यावा. न ठरवता नंतर हातात पाकीट ठेवले, तर स्नेहाने नाव सुचवणाऱ्याला आपण दलाल ठरलो असे वाटू शकते. नाव सुचवणारा वीज कंपनीचा कर्मचारी असेल, तर पैसे किंवा वस्तू देणे लाचेच्या वाटेने जाते. काही क्षेत्रांत कायद्यानेच आडकाठी आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन देण्या-घेण्यास २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने मनाई केली आहे. विमा कायद्यानुसार विमा एजंट वा मध्यस्थाखेरीज इतरांना विमा मिळवून दिल्याचे कमिशन देता येत नाही.

चुकते कुठे, आणि ते ओळखायचे कसे?

एक खूण साधी आहे. ‘त्या सरांचं काय झालं?’ असे वायरमनला विचारावे लागले, तर खबर पोहोचवण्यात आपण कमी पडलो. दुसरी खूण म्हणजे ग्राहकाची तक्रार त्याच्यामार्फत कळणे. तेव्हा ‘ते सर फार घाई करतात’ असे म्हणून ग्राहकाला बोल लावणे हा सर्वात वाईट उपाय, कारण तो ग्राहक मुळात वायरमनचा आहे.

उपाय वहीतला आहे. ग्राहकाच्या नावापुढे ‘कोणामार्फत’ असा रकाना आणि पहिले आभार, काम पक्के, पॅनल, मीटर, पहिले बिल अशा पाच तारखा. रिकामी चौकट दिसली की फोन करायचा. काम ठरले नाही, तरीही एक खबर द्यायचीच : ‘सरांनी सध्या थांबायचं ठरवलंय. तुम्ही सुचवलंत, त्याबद्दल आभार.’ कारण काय, ते सांगायचे की नाही हे सरांनी ठरवावे.