विश्लेषण : १८५ ग्रॅमच्या टुनाच्या डब्यात मासा किती असतो? लेबल कसे वाचायचे?

टुनाचा १८५ ग्रॅमचा डबा. मागच्या तक्त्यात लिहिले आहे : १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम प्रथिने. जिमला जाणारा तरुण मोबाइलवर गुणाकार करतो आणि ४६ ग्रॅम प्रथिने पोटात गेली असे समजून डबा संपवतो. प्रत्यक्षात त्याला मिळालेली असतात २८ ग्रॅमच्या आसपास. लेबलवर खोटे काहीच नव्हते. फक्त १८५ हा आकडा मासा आणि पाणी मिळून होता आणि तक्ता निथळलेल्या माशाचा होता. माशाचे वजन डब्याच्या कडेला वेगळे छापले होते, १११ ग्रॅम.

डबाबंद माशाच्या लेबलवर सर्वाधिक उपयोगाचा आणि सर्वात कमी वाचला जाणारा आकडा हाच. इंग्रजीत त्याला ‘ड्रेन्ड वेट’ म्हणतात, मराठीत निथळलेले वजन म्हणता येईल.

दोन वजने का असतात?

टुना आधी वाफवतात. मग कातडी, काटे आणि गडद मांस काढून उरलेले तुकडे डब्यात भरतात. त्यावर मिठाचे पाणी किंवा तेल ओततात, झाकण हवाबंद करतात आणि डबा दाबाखालच्या वाफेत तापवतात. या शेवटच्या तापवण्यात मासा आणखी थोडे पाणी सोडतो. त्यामुळे डबा उघडल्यावर जे द्रव दिसते, ते ओतलेले पाणी आणि माशाने सोडलेले पाणी असे दोन्ही असते.

‘नेट वेट’ म्हणजे निव्वळ वजन. त्यात पत्रा सोडून आतले सगळे धरले जाते. निथळलेले वजन मात्र फक्त माशाचे. एफएसएसएआयच्या लेबलिंग नियमांनुसार द्रवात भरलेल्या अन्नावर हे दुसरे वजनही छापावे लागते. इथे एक बारकावा आहे. ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत द्रव माध्यमाची जी व्याख्या आहे, तिच्यात पाणी, साखरेचे किंवा मिठाचे पाणी, फळे-भाज्यांचे रस आणि व्हिनेगर यांची नावे आहेत, तेलाचे नाही. बरेच उत्पादक तेलातल्या डब्यावरही निथळलेले वजन देतात. पण एखाद्या तेलातल्या डब्यावर ते सापडले नाही, तर आपण नीट पाहिले नाही असे वाटून घेण्याचे कारण नाही. ते छापलेलेच नसू शकते. अशा डब्याची किंमत दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाही, एवढे खरे.

स्वस्त डबा नेमका कोणता?

समजा, शेल्फवर दोन डबे शेजारी आहेत. पहिला मिठाच्या पाण्यातला : निव्वळ वजन १८५ ग्रॅम, निथळलेले १११ ग्रॅम, किंमत १९९ रुपये. दुसरा तेलातला : निव्वळ वजन १६० ग्रॅम, निथळलेले १२० ग्रॅम, किंमत २०४ रुपये.

पहिला डबा मोठा आहे आणि पाच रुपयांनी स्वस्तही. निव्वळ वजनावर हिशेब केला, तर १०० ग्रॅमला तो सुमारे १०८ रुपये पडतो आणि दुसरा साडेसत्तावीस रुपये अधिक शंभर, म्हणजे १२७.५० रुपये. निवड सोपी वाटते.

आता किमतीला निथळलेल्या वजनाने भागून पाहा. पहिल्या डब्यातला मासा १०० ग्रॅमला सुमारे १७९ रुपये पडतो, दुसऱ्यातला १७० रुपये. क्रम उलटला. लहान दिसणाऱ्या डब्यात मासा जास्त होता आणि तो स्वस्तही होता.

पाकिटावर एमआरपीजवळ छापलेली प्रतिग्रॅम किंमत इथे कामाची नाही. ती निव्वळ वजनावर काढलेली असते, म्हणजे पाण्याचाही भाव माशाबरोबर लागतो. त्यामुळे हा एक भागाकार ग्राहकाने स्वतःच करायचा. निथळलेले वजन अनेकदा इतक्या बारीक अक्षरांत असते, की मोबाइलचा कॅमेरा झूम करूनच वाचावे लागते.

पोषणाच्या तक्त्याकडे पाहतानाही हाच प्रश्न विचारावा : हे १०० ग्रॅम कशाचे? निथळलेल्या माशाचे, की द्रवासकट सगळ्याचे? तसे लिहिले असेल, तर हिशेब सरळ. लिहिलेच नसेल आणि तेलातल्या डब्याच्या तक्त्यात चरबी फारच जास्त दिसत असेल, तर तेल त्यात धरले असण्याची शक्यता मोठी.

घरी तपासता येते का?

येते, पण दाबून नाही. कोडेक्सची पद्धत अशी : डबा आधी किमान १२ तास २० ते ३० अंश तापमानात ठेवायचा, मग आतला ऐवज चाळणीवर पसरायचा, चाळणी थोडी तिरकी करायची आणि दोन मिनिटे आपोआप निथळू द्यायचे. स्वयंपाकघरातली गाळणी आणि डिजिटल काटा यांवर हे बऱ्यापैकी जमते. गाळणीचे वजन आधी करून ते वजा करावे.

चुका दोन ठिकाणी होतात. चमच्याने दाबून पाणी काढले, की माशाच्या आतले पाणीही निघते आणि वजन उगाच कमी भरते. तेलातला डबा फ्रिजमधून काढून लगेच उघडला, तर उलटे होते. ऑलिव्ह तेल गारठ्याने घट्ट होते, माशाला चिकटून राहते आणि वजन जास्त दिसते. एखाद्या डब्यात दोन-चार ग्रॅमचा फरक आला, म्हणून लगेच फसवणूक समजू नये. एकाच उत्पादनाच्या प्रत्येक डब्यात बरीच तूट दिसली, तर मात्र तक्रारीला जागा आहे. टोमॅटो सॉसमधल्या सार्डिनला ही चाचणी लागू पडत नाही. सॉस नुसता निथळत नाही. तो धुऊन काढूनच माशाचे वजन करावे लागते.

वजनाइतकाच ‘सॉलिड’, ‘चंक्स’ की ‘फ्लेक्स’ हा शब्द बघण्यासारखा आहे. सॉलिड म्हणजे अखंड काप, चंक्स म्हणजे मोठे तुकडे, फ्लेक्स म्हणजे चुरा. चंक्समध्येही चुरा असतोच. कोडेक्सनुसार तो निथळलेल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत चालतो. सँडविचमध्ये अंड्याविना मेयोनेज घालून कालवायचेच असेल, तर फ्लेक्स पुरतात, सॉलिडचे पैसे मोजायची गरज नाही.

मिठाचे पाणी की तेल?

निथळलेल्या टुनात पाण्यातल्याच्या १०० ग्रॅमला साधारण शंभराच्या आसपास कॅलरी असतात, तेलातल्याच्या दोनशेच्या जवळ. तेल ओतून दिले, तरी काही तेल तंतूंमध्ये मुरलेले राहते, म्हणून हा फरक.

ओमेगा-३ च्या बाबतीत गंमत आहे. हे मेद तेलात विरघळते, पाण्यात नाही. त्यामुळे तेलातला मासा निथळून तेल सिंकमध्ये ओतले, की माशातले थोडे ओमेगा-३ त्याच्याबरोबर जाते. पाण्यातल्या माशाचे पाणी टाकले, तर हे नुकसान जवळपास होत नाही. थोडक्यात, तेल टाकूनच द्यायचे असेल, तर तेलातला डबा घेण्यात फारसे शहाणपण नाही. तेलातल्या सार्डिनचे तेल कांदा परतायला वापरले, तर गोष्ट वेगळी.

तेल कोणते, हे समोरच्या चित्रावरून ठरवू नये. चित्रात ऑलिव्हची फांदी असते आणि घटकांच्या यादीत सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल आधी येते. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, हे लक्षात ठेवले की पुरे. पाण्यातल्या डब्यावर ‘व्हेजिटेबल ब्रॉथ’ लिहिले असेल आणि घरात कोणाला सोयाची ॲलर्जी असेल, तर ॲलर्जीची ओळही वाचावी. रक्तदाब असणाऱ्यांनी सोडियमचा आकडा पाहावा. पाणी निथळले, की मीठ काहीसे कमी होते, पण माशात मुरलेले जात नाही.

मासा कसा पकडला, हे कुठे कळते?

लेबलवरचा सगळ्यात फसवा शब्द आहे ‘डॉल्फिन सेफ’. पूर्व प्रशांत महासागरात यलोफिन टुनाचे थवे डॉल्फिनच्या खाली पोहतात आणि जाळी टाकताना डॉल्फिन मरत. त्यावरून उठलेल्या वादातून अमेरिकेत १९९० मध्ये या शिक्क्याचा कायदा झाला. पण डब्यांत सर्वाधिक भरला जातो तो स्किपजॅक, लहान जातीचा टुना. तो सहसा डॉल्फिनच्या सोबतीने फिरत नाही. तेव्हा स्किपजॅकच्या डब्यावरचा हा शिक्का खरा असूनही फारसे काही सांगत नाही.

खरी माहिती पुढच्या शब्दांत असते. ‘पर्स सीन’ म्हणजे थव्याभोवती गोल टाकून खालून बटव्यासारखे आवळायचे जाळे. ते मोकळ्या थव्यावर टाकले, तर बहुतेक टुनाच मिळतो. पण अनेकदा समुद्रात आधी तराफे सोडतात. त्यांच्या सावलीला स्किपजॅकबरोबर बिगआय आणि यलोफिनची पिल्ले, शार्क, कधी कासवेही जमतात आणि जाळ्यात सगळेच येते. या तराफ्यांना ‘एफएडी’ म्हणतात. म्हणून ‘एफएडी फ्री’ हा शब्द डॉल्फिनच्या चित्रापेक्षा वजनदार आहे.

‘पोल अँड लाइन’ म्हणजे गळाने एकेक मासा ओढणे. बोटीवरून जिवंत बारीक मासळी पाण्यात फेकतात, पाण्याचे फवारे मारतात आणि खळबळलेल्या थव्यातून बिनकाटेरी गळाने स्किपजॅक वर उडवतात. मालदीवमध्ये आणि आपल्या लक्षद्वीपमध्ये, विशेषतः मिनिकॉय बेटावर, हीच परंपरा आहे. इतर जीव जवळजवळ अडकत नाहीत. मर्यादाही आहे : आमिषाची जिवंत मासळी रोज लागते आणि ती प्रवाळाच्या उथळ पाण्यातूनच धरावी लागते.

एमएससीचा निळा शिक्का असेल, तर त्या मासेमारीची तपासणी झालेली असते. पण तो शिक्का पर्स सीनच्या मासेमारीलाही मिळतो, त्यामुळे शिक्का म्हणजे गळ असे नव्हे. नुसते ‘जबाबदारीने पकडलेला’ असे लिहून जात, समुद्र आणि पद्धत यांपैकी काहीच दिले नसेल, तर त्या ओळीला जाहिरातीइतकीच किंमत द्यावी. ‘प्रॉडक्ट ऑफ थायलंड’ यातूनही मासा कुठला हे कळत नाही, डबा कुठे भरला एवढेच कळते. थायलंडच्या कारखान्यांत येणारा बराच टुना प्रशांत महासागरातला असतो.

सार्डिनच्या डब्यावर पद्धत बहुधा सापडतच नाही. कोकणातल्या तारलीच्या कुळातला हा मासा दाट, एकजिनसी थव्यांनी फिरतो, म्हणून गोल जाळ्यातही इतर मासे कमी येतात. तिथे प्रश्न जाळ्याचा कमी आणि कुठल्या समुद्रातून किती उपसला याचा जास्त असतो. म्हणून सार्डिनच्या लेबलवर जातीचे शास्त्रीय नाव आणि मासेमारीचे क्षेत्र शोधावे. एफएओने समुद्रांना क्रमांक दिले आहेत. पश्चिम हिंदी महासागर ५१, पूर्व हिंदी महासागर ५७ आणि मोरोक्कोसमोरचा अटलांटिक ३४. डब्याच्या तळाशी यांपैकी एखादा आकडा ‘एफएओ’ या अक्षरांसोबत छापलेला दिसला, तर तो तारखेचा किंवा बॅचचा नसून समुद्राचा आहे.